भाव बदलला की जुनी उधारीही बदलते : सरकी ढेपेच्या दुकानाचं शीट

दिग्रस_ढेपवाले · ७ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. दिग्रसजवळच्या गावात आमचं सरकी ढेप, तुरीची चुनी आणि मका भरड्याचं दुकान आहे. निम्मी विक्री उधारीवर, वसुली सोयाबीन-कापूस निघाल्यावर. हिशेब लॅपटॉपवर शीटमध्ये ठेवतो. एका पानावर विक्री (तारीख, माल, गिऱ्हाईक, पोती, भाव, रक्कम) आणि दुसऱ्या पानावर प्रत्येक मालाचा भाव, एका मालाला एक ओळ. विक्रीच्या पानावरचा भाव VLOOKUP ने तिकडून येतो. भाव बदलला की तिथला आकडा बदलायचा, एवढंच.

आता घोळ सांगतो. एका गिऱ्हाइकाची ३१ ऑक्टोबरला बाकी २०,६४० दाखवत होती. ५ नोव्हेंबरला त्याने ढेपेची दोन पोती नेली, बाकी २३,६६० झाली. तो दारातच म्हणाला, "भाऊ, दोन पोत्याचे ३,०२० कसे? भाव तर १,६९० हाये ना?" दोन पोत्यांचे ३,३८० व्हायला पाहिजेत. मधले ३६० गेले कुठे? बेरीज तीनदा तपासली, बरोबर आहे.

गोठा_आर्वी · ७ नोव्हेंबर

३६० कुठेच गेले नाहीत. मधल्या दिवसांत भाव १,७२० चा १,६९० केला असेल. त्याच्या नावावर आधीची १२ पोती असतील, पोत्यामागे ३० रुपये आपोआप उतरले. शीटला जुनी विक्री-नवी विक्री कळत नाही, तिला एकच भाव माहीत आहे.

उपाय एकदम सोपा. विक्री लिहिली की भावाचा रकाना कॉपी करून Paste values करा. सूत्र गेलं, आकडा राहिला. भावांचा इतिहास वगैरे ठेवायची काही गरज नाही.

कापशी_किराणा · ७ नोव्हेंबर

मी तर जुना माल जुन्याच भावाने विकतो. आधी घेतलेली पोती वेगळी लावायची, नवी गाडी आली की तिचा भाव वेगळा. मग घोळच नाही. तुम्ही थप्प्या वेगळ्या करा.

दिग्रस_ढेपवाले · ७ नोव्हेंबर

@कापशी_किराणा दादा, तो खरेदीचा विषय झाला, म्हणजे कोणत्या गाडीचं पोतं केवढ्यात पडलं. माझा प्रश्न विकून झालेल्या पोत्यांचा आहे. ती तर गुरांनी खाल्ली पण.

@गोठा_आर्वी १२ पोती बरोबर! पण आता मागचं काय करू? सगळ्या ओळींत आजचाच भाव दिसतो. आणि माझा भाऊ आठवड्यातून एकदाच चिठ्ठ्या बघून विक्री भरतो. तेव्हा पेस्ट केलं तरी भरायच्या दिवशीचा भाव चिकटेल, विक्रीच्या दिवशीचा नाही.

लेखाताई_अमरावती · ८ नोव्हेंबर

दोन-तीन शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशेब बघते, हा प्रकार दर हंगामात येतो. भाऊ चिठ्ठ्या उशिरा भरतो, हा मुद्दा नेमका आहे. Paste values फक्त त्याच दिवशी भरणाऱ्याला चालतं.

आधी तुमचं खातं खऱ्या भावाने करून बघू. ढेपेचा भाव कधी-कधी बदलला ते आठवून किंवा चिठ्ठ्यांवरून सांगा, आणि त्या गिऱ्हाइकाच्या ओळीही.

दिग्रस_ढेपवाले · ८ नोव्हेंबर

भाव : १ ऑक्टोबरपासून १,६५०, १४ ऑक्टोबरपासून १,७२०, २ नोव्हेंबरपासून १,६९०.
पोती : १० ऑक्टोबरला ४, १४ ला ३, २८ ला ५, आणि ५ नोव्हेंबरला २.

लेखाताई_अमरावती · ८ नोव्हेंबर

मग हिशेब असा. १० ऑक्टोबरची चार पोती १,६५० ने ६,६००. चौदाची तीन नव्या भावाने ५,१६०, कारण "१४ पासून" म्हटलं की चौदा तारीख नव्या भावात धरायची. अठ्ठावीसची पाच ८,६००. पाच नोव्हेंबरची दोन ३,३८०. एकूण २३,७४०. तुमची शीट २३,६६० दाखवते. फरक फक्त ८० रुपये.

हे ८० रुपयेच जास्त धोक्याचे. भाव वर गेला तेव्हा जुनी पोती महाग झाली, खाली आला तेव्हा परत स्वस्त झाली, आणि चुका एकमेकींत जिरल्या. ३१ ऑक्टोबरला खरी बाकी २०,३६० होती, शीट २८० रुपये जास्त सांगत होती. त्या दिवशी कुणी पैसे भरून खातं मिटवलं असतं तर त्याच्याकडून २८० जास्त घेतले गेले असते, आणि एकूण बेरीज बघून ते कधीच कळलं नसतं. म्हणून महिन्याच्या एकूण आकड्यावरून तपासू नका. मागच्या महिनाअखेरीची छापील किंवा फोटो काढलेली बाकी घ्या आणि आजच्या शीटमध्ये त्याच तारखेपर्यंतची बाकी काढा. दोन्ही जुळल्या नाहीत तर शीट भूतकाळ बदलते आहे.

आता दुरुस्ती. भावाच्या पानावर जुना आकडा पुसायचा नाही. प्रत्येक बदलाला नवी ओळ : माल, कधीपासून, भाव. "कधीपर्यंत" हा रकाना ठेवूच नका. पुढची ओळ सुरू झाली की आधीची आपोआप संपते. दोन्ही तारखा लिहिणारे एका ओळीत १४ पर्यंत आणि दुसरीत १४ पासून लिहून बसतात, मग चौदाला दोन भाव. नाहीतर १३ पर्यंत आणि १५ पासून, मग चौदाला एकही नाही.

विक्रीच्या पानावर भावाच्या आधी एक नवा रकाना घाला. त्या E रकान्यात "त्या तारखेला लागू असलेली शेवटची भाव-तारीख" आणि F मध्ये तिचा भाव. विक्रीची तारीख A मध्ये, माल B मध्ये धरला आहे :

```
E2: =MAXIFS(Bhav!$B$2:$B$500,Bhav!$A$2:$A$500,B2,Bhav!$B$2:$B$500,"<="&A2)
F2: =SUMIFS(Bhav!$C$2:$C$500,Bhav!$A$2:$A$500,B2,Bhav!$B$2:$B$500,E2)
```

Bhav पानावर A माल, B कधीपासून, C भाव. एका सूत्रातही होतं, पण E रकाना दिसत राहिला की कोणत्या ओळीचा भाव लागला ते डोळ्याला कळतं. शिवाय ओळींचा क्रम मागेपुढे झाला तरी चालतं. एखादा जुना भाव नंतर आठवून तळाशी लिहिलात तरी बिघडत नाही.

वाशीम_निवृत्त_लेखापाल · ८ नोव्हेंबर

ताईंचं सूत्र बरोबर, पण मला एक खटकतं. बिलावर लिहिलेला भाव हाच करार. दुकानदाराने ओळखीच्या माणसाला १,७२० चं पोतं १,७०० ला दिलं असेल, तर इतिहासाचा तक्ता १,७२० सांगेल आणि खातं चुकेल. बिलाच्या ओळीत प्रत्यक्ष लावलेला भाव कायमचा लिहिलाच पाहिजे. माझ्या नोकरीत चोपडीतली जुनी ओळ खोडली की सही मागायचे.

लेखाताई_अमरावती · ८ नोव्हेंबर

काका, वाद नाही. दोन्ही ठेवायचे. तक्त्यातून त्या तारखेचा भाव येतो, त्याच्या शेजारी "लावलेला भाव" हा साधा आकडा. रक्कम लावलेल्या भावावर. दोघांतला फरक म्हणजे दिलेली सूट, आणि ती कुणाला किती दिली हे वर्षअखेरीला आपोआप समोर येतं. नुसता लावलेला भाव ठेवला तर १,७०० ही सूट होती की कुणाच्या हातून चुकलं, हे सांगायला काहीच उरत नाही.

दिग्रस_ढेपवाले · ९ नोव्हेंबर

ताई, सूत्र टाकलं, पण गंमत बघा. १० ऑक्टोबरच्या ओळीत भाव १,६९० येतो, तो तर नोव्हेंबरचा! १४ आणि २८ ऑक्टोबरला चक्क शून्य. ५ नोव्हेंबर बरोबर, १,६९०. आणि चुनीला ३ नोव्हेंबरच्या ओळीत २,६१० आलंय, आमची चुनी एवढी महाग कधीच नव्हती.

लेखाताई_अमरावती · ९ नोव्हेंबर

लॅपटॉपवर तारीख अमेरिकन पद्धतीची आहे, आधी महिना मग दिवस. तुम्ही 02/11/2025 लिहिलंत, शीटने ११ फेब्रुवारी वाचलं. 01/10 चं १० जानेवारी झालं. 14/10 मध्ये चौदावा महिना नसतो, म्हणून ती तारीखच धरली नाही, नुसता मजकूर राहिला. दहा ऑक्टोबर दोन्हीकडून दहा ऑक्टोबरच, म्हणून ती ओळ नीट वाचली गेली. पण तिच्या आधीची सगळ्यात अलीकडची तारीख तिला "११ फेब्रुवारी" सापडली आणि भाव नोव्हेंबरचा लागला. ५ नोव्हेंबरची विक्री ११ मे झाली आहे. ती योगायोगाने बरोबर दिसते, तिच्यावर विश्वास ठेवू नका.

ओळखायचं असं : तारखेच्या रकान्याचं मुद्दामचं डावं-उजवं काढून टाका. डावीकडे चिकटली ती तारीख नाही, मजकूर आहे. उजवीकडच्या तारखांना dd-mmm-yyyy हे रूप द्या, म्हणजे Feb आणि Jan उघडे पडतील. एक्सेल असेल तर विंडोजच्या Region मध्ये आणि गुगल शीट असेल तर File > Settings मध्ये Locale भारताचं करा. पण त्याने आधीच चुकीच्या वाचलेल्या तारखा सुधारत नाहीत. ११ फेब्रुवारी ११ फेब्रुवारीच राहतो. त्या ओळी हाताने पुन्हा लिहा.

चुनीचं : एकाच तारखेला दोन ओळी लिहिल्या असतील. SUMIFS दोन्ही भाव मिळवतं.

दिग्रस_ढेपवाले · ९ नोव्हेंबर

हो! ३ तारखेला सकाळी १,३१० होता, दुपारी गाडी आल्यावर १,३०० केला. दोन्ही लिहिले. आमच्या चिठ्ठीवर वेळ नसते. त्यामुळे आता ठरवलं, दुपारी बदललेला भाव दुसऱ्या दिवसापासून. दुपारी कुणाला १,३०० ने दिलं तर ते "लावलेला भाव" मध्ये.

तारखांचंही तेच निघालं. परत लिहिल्या, २३,७४० आले.

पहाटेचं_दूध · १० नोव्हेंबर

माह्या प्रश्नाचंही बघा ना कोणी. मी गावात दूध संकलन केंद्र चालवतो, देवळी तालुका. आमचा भाव फॅट-एसएनएफच्या तक्त्यावर, आन् तक्ता वरून येते. चुकारा दहा-दहा दिवसाचा. मागं काय झालं, १ ते १० चा चुकारा मी ११ ले वाटून टाकला, आन् १२ ले पत्र आलं का ६ तारखेपासून लिटरमागं रुपया वाढला. मी सॉफ्टवेअरमध्ये ६ तारीख टाकून नवा तक्ता भरला, तं १ ते १० चा छापून दिलेला चुकाराच बदलून गेला. आता लोकं त्यायच्याजवळचा कागद दाखवून राहिले, कॉम्प्युटर वेगळंच दाखवून राहिलं. काऊन असं?

गोठा_आर्वी · १० नोव्हेंबर

तारीख ६ ऐवजी ११ टाका, मिटलं.

लेखाताई_अमरावती · १० नोव्हेंबर

@गोठा_आर्वी मग सहा ते दहाचा रुपया शेतकऱ्याला मिळणारच नाही. भाव खरंच सहापासून लागू आहे, ती तारीख खोटी करायची नाही.

@पहाटेचं_दूध भाऊ, इथे दोन तारखा वेगळ्या आहेत. भाव लागू झाला ६ ला, तुम्हाला कळला १२ ला. तक्त्यात दोन्ही हव्यात. सॉफ्टवेअर "आज काय माहीत आहे" एवढंच बघून मागचं सगळं पुन्हा मोजतं, म्हणून छापलेला कागद आणि पडदा जुळत नाहीत. चुकारा दिलेला नसता तर पुन्हा मोजायला हरकत नव्हती. दिला असेल तर त्या दहा दिवसांना कुलूप. फरक पुढच्या चुकाऱ्यात वेगळ्या ओळीने द्यायचा.

समजा एकाचं रोज १२ लिटर दूध आहे. सहा ते दहा, पाच दिवस, ६० लिटर, ६० रुपये. ११ ते २० च्या चुकाऱ्यात "६ ते १० तारखेचा भावफरक, ६० रु." अशी ओळ. त्याचा जुना कागदही खरा राहतो आणि रुपयाही मिळतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दिलेला चुकारा बंद करायची सोय आहे का, ते विचारा. नसेल तर तोवर चुकारा वाटल्यावर त्याची पीडीएफ काढून ठेवा.

आणि एक. तक्त्यातला आकडा बदलायचा म्हणजे प्रत्येक वेळी नवी ओळ लागतेच असं नाही. १,७२० ऐवजी कुणी १,२७० टाइप केलं आणि एकही बिल निघालेलं नसेल, तर तो भाव कधी लागूच नव्हता. तीच ओळ दुरुस्त करायची. त्या आकड्याने बिल गेलं असेल तर मात्र गुपचूप दुरुस्ती नाही, त्या बिलाचा फरक वेगळा दाखवायचा.

नागपूरची_कोडवाली · १० नोव्हेंबर

दूधवाल्या दादांना एक विचारते. नवा तक्ता लागू झाला त्या पहिल्या दिवशी सकाळच्या काही लोकांना जुनाच भाव लागला, असं कधी झालं का?

पहाटेचं_दूध · १० नोव्हेंबर

ताई, तुमाले कसं माहीत? पहिले जे पाच-सात जण येते, त्यायलेच लागते जुना. मले वाटे मशीन गरम व्हायले टाइम लागते.

नागपूरची_कोडवाली · १० नोव्हेंबर

मशीनचा दोष नाही. सॉफ्टवेअरवाल्याने वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवली असणार. आपली वेळ त्याच्यापेक्षा साडेपाच तास पुढे, म्हणजे पहाटे साडेपाचच्या आधी आलेल्या दुधाची तिथे तारीख कालची पडते. ५:१० चं दूध काल रात्रीचे २३:४०. साडेपाचनंतरचे सगळे नीट. दुकानात हा दोष वर्षानुवर्षं दिसत नाही, कारण पहाटे पाचला ढेप कोण विकतं? दूध केंद्रावर भाव बदलला की लगेच दिसतो.

जुना भाव लागलेल्या पावत्यांवरची वेळ बघा. सगळ्या ५:३० च्या आतल्या निघाल्या तर त्याला हेच सांगा. भावाची तारीख ही वेळ नसलेली साधी तारीख हवी, आणि दुधाची तारीख भारतीय वेळेवरून काढून मग तुलना. बाकी शोधणं एवढंच असतं :

```sql
SELECT rate FROM price_history
WHERE item_id = 7 AND effective_from <= '2025-10-28'
ORDER BY effective_from DESC
LIMIT 1;
```

शिवाय item_id आणि effective_from या जोडीवर UNIQUE लावलं की चुनीसारखे दोन भाव एका तारखेला आत शिरतच नाहीत.

ठिबक_मोर्शी · ११ नोव्हेंबर

माझं वेगळं आहे, पण याच रांगेतलं. संत्र्याच्या बागांना ठिबकचं सामान विकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबकवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. मी कराला पण "कधीपासून" तारीख ठेवली आहे, त्यामुळे बिलं नीट निघाली. ऑक्टोबरमध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीची दोन बंडलं परत आली. कर सोडून १,००० चं एक, म्हणजे बिल १,१२० चं होतं. परतीच्या नोटेवर १,०५० आले. तारखेप्रमाणे बरोबर ना?

लेखाताई_अमरावती · ११ नोव्हेंबर

नाही. परतीला तिची स्वतःची तारीख चालत नाही, ती मूळ बिलाची सावली आहे. भावही मूळ बिलाचा, करही मूळ बिलाचा १२ टक्के. शेतकऱ्याला दोन बंडलांमागे १४० रुपये कमी गेले. परतीच्या ओळीत मूळ बिलाचा क्रमांक हवाच, आणि दर त्या ओळीतून उचलायचा. तारखेच्या तक्त्याकडे जायचंच नाही. त्या नोटेची दुरुस्ती कशी करायची ते तुमच्या कर सल्लागाराला विचारा.

वाशीम_निवृत्त_लेखापाल · ११ नोव्हेंबर

म्हणजे शेवटी बिलावर लिहिलेलाच आकडा कामाला आला. :)

जिनिंग_रोड_हिंगणघाट · १२ नोव्हेंबर

कापसाचं विचारतो. आमच्या कंपनीत मागच्या हंगामाच्या खरेदीची हमीभावाशी तुलना काढली. शीटमध्ये हमीभावाचा एकच खण होता, लांब धाग्याचा २०२५-२६ चा ८,११०. त्यामुळे मागच्या हंगामात ७,१०० ने घेतलेला कापूस हमीभावाच्या १,०१० खाली दिसला आणि सभेत बोंब झाली. खरं तर २०२४-२५ चा हमीभाव ७,५२१, म्हणजे फरक ४२१. हे आता हंगामाप्रमाणे ओळी करून सुधारलं.

खरी अडचण पुढे आहे. लोक कापूस आज टाकतात आणि भाव नंतर घेतात. जानेवारीत वाढेल म्हणून थांबतात. मग आम्ही कोणत्या तारखेचा भाव लावायचा, मापाच्या की भाव घेतल्याच्या?

लेखाताई_अमरावती · १२ नोव्हेंबर

ओळीत दोन तारखा ठेवा. क्विंटल मापाच्या तारखेला साठ्यात जमा. पैसे भाव ठरल्याच्या तारखेने, तक्त्यात शोधायचं ते याच तारखेने. भाव ठरेपर्यंत ती तारीख रिकामी आणि शेतकऱ्याच्या खात्यात रक्कमही रिकामी, शून्य नाही. शून्य लिहिलं की बेरजेत ते खरं वाटतं.

वाशीम_निवृत्त_लेखापाल · १२ नोव्हेंबर

रिकामी कशी चालेल? ३१ मार्चला माल तुमच्या आवारात आणि देणं कागदावर नाही? त्या दिवशीच्या भावाने अंदाजे देणं दाखवायला हवं.

लेखाताई_अमरावती · १२ नोव्हेंबर

काका, भाव ठरेपर्यंत तो माल कंपनीचा की शेतकऱ्याचा, यावर ते अवलंबून आहे. नुसता ठेवायला दिला असेल तर आपल्या साठ्यात धरायचाच नाही, वेगळ्या वहीत वजन लिहायचं. पावतीवर काय छापलंय?

जिनिंग_रोड_हिंगणघाट · १२ नोव्हेंबर

पावतीवर फक्त वजन आणि "भाव नंतर". मालकी वगैरे काही नाही. आणि काही जण वीस क्विंटल टाकून त्यातल्या आठचाच भाव घेतात, लग्नकार्य निघालं की. उरलेले बारा तसेच. तोवर कापूस गंजीत मिसळून त्याची रुई पण होऊन गेलेली असते. त्याला ठेवायला दिलेला कसा म्हणू?

नागपूरची_कोडवाली · १३ नोव्हेंबर

आठ आणि बाराच्या दोन ओळी करा, दोन्हींवर एकच पावती क्रमांक, बारांची भाव-तारीख रिकामी. तेवढं तर शीटमध्ये होईल. मालकीचं मला सांगता येणार नाही, ते आधी पावती पुस्तकात छापून घ्यावं लागेल.